हशा कुणाच्या जिवावर?

पथनाट्यात, सोसायटीच्या गणेशोत्सवातल्या प्रहसनात किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्यात विनोदावर मोठी जबाबदारी असते. प्रेक्षकाने तिकीट काढलेलं नसतं, बसायला खुर्ची असतेच असं नाही आणि उठून जायला कुणाची परवानगी लागत नाही. त्याला पंधरा मिनिटं धरून ठेवायचं आणि तेवढ्यात एखादी कामाची गोष्ट गळी उतरवायची, हे हशांच्या आधारानेच जमतं. म्हणून ‘या संहितेत बायकांची टिंगल आहे, बदला’ असं कुणी सुचवलं की मंडळी धास्तावतात. टिंगल काढली तर उरेल ते पत्रक, अशी भीती असते. ती अगदीच निराधार नाही. दुरुस्त केलेल्या बऱ्याच संहिता खरोखरच पत्रकासारख्या होतात, कारण दुरुस्ती करणारा खटकणारे शब्द शोधतो आणि बदलतो. विनोद कशावर चालतो, हे तो बघतच नाही.

विनोदाचं यंत्र आणि विनोदाचं गिऱ्हाईक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्र म्हणजे हसू ज्यामुळे येतं ती रचना: बढाई आणि तिचा फजितवडा, एकाला माहीत असलेली आणि दुसऱ्यापासून लपलेली गोष्ट, भलत्याच अर्थाने घेतलेला शब्द, क्षुल्लक गोष्टीला दिलेलं अवाढव्य महत्त्व. गिऱ्हाईक म्हणजे ज्याच्यावर हसलं जातं तो माणूस. साचेबद्ध विनोदात यंत्र बहुधा चांगलं असतं, गिऱ्हाईक मात्र आयतं उचललेलं असतं: उधळी बायको, कजाग सासू, अडाणी मोलकरीण, बायकी चालीचा तरुण. नवं लिहिताना यंत्र जपायचं आणि गिऱ्हाईक बदलायचं, किंवा गिऱ्हाईक तेच ठेवून त्याच्या जन्माऐवजी त्याच्या वागण्यावर हसवायचं. हे कसं करायचं, ते एक संहिता ओळीओळीने बघितल्याशिवाय नीट कळत नाही.

पुढची संहिता या लेखासाठी नमुना म्हणून रचलेली आहे. तिच्यातले विनोद मात्र कुठल्याही गणेशोत्सवात ऐकू येतील असेच आहेत. विषय आहे घरच्या कचऱ्याचं वर्गीकरण. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचऱ्याचे तीन भाग सांगितले होते: ओला, सुका आणि घरगुती घातक. प्रहसनाला यातलं सगळं सांगायचं नाही. त्याला तीनच गोष्टी पोचवायच्या आहेत. ओलं आणि सुकं घरातच वेगळं करा, ओला कचरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून देऊ नका आणि सॅनिटरी पॅड व डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा. लाल ठिपक्याची ही पद्धत पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने लोकांपुढे आणली. पुडक्यावर ठिपका दिसला की आत काय आहे ते उघडून बघावं लागत नाही, एवढाच तिचा साधा हेतू.

मूळ संहितेत सूत्रधार असा येतो: ‘वहिनींनो, इकडे लक्ष द्या! घर तुमचं, स्वयंपाकघर तुमचं, म्हणजे कचराही तुमचाच! भाऊजी, तुम्ही खुशाल मोबाइल बघा, तुमचं इथे काही काम नाही.’ इथे हमखास हशा येतो. यात वहिनींचा अपमान आहे की नाही, यावर तालमीत वाद घालता येईल. पण त्याआधी एक सरळ हिशेब करून बघावा. प्रहसनाला कचरा वेगळा करायला लावायचा आहे, आणि पहिल्याच वाक्यात त्याने निम्म्या प्रेक्षकांना सुट्टी दिली आहे. ते निम्मे प्रेक्षक पुढचा सगळा वेळ ‘हे आपल्यासाठी नाही’ असं समजूनच बघणार. साचेबद्ध विनोद वाईट का, याची नैतिक कारणं पुष्कळ सांगितली जातात. संहिता लिहिणाऱ्याला हे व्यावहारिक कारण अधिक उपयोगी पडतं: असा विनोद बहुतेकदा ज्या संदेशासाठी प्रयोग चालला आहे त्याचाच पाय ओढत असतो.

मूळ ओळीचं यंत्र आहे प्रेक्षकांना थेट हाक मारून त्यांची मजेने विभागणी करण्याचं. ते ठेवता येतं. नवा सूत्रधार म्हणतो: ‘ज्यांच्यामुळे घरात कचरा होतो, त्यांनी हात वर करा.’ थोडे हात वर जातात, बरेच जात नाहीत. तो खाली राहिलेल्या हातांकडे बघतो. ‘म्हणजे या मंडळींनी सकाळपासून काहीच खाल्लेलं नाही. अरेरे! प्रयोग झाल्यावर यांच्या जेवणाची सोय करा हो कुणीतरी.’ विभागणी राहिली, थेट हाक राहिली, हशाही राहिला. फरक इतकाच की या वेळी सुटका कुणाचीच झाली नाही.

अशा नोंदी करण्यासाठी जुनी संहिता समोर घेऊन पेन्सिलीने दोन खुणा कराव्यात. जिथे हशा अपेक्षित आहे तिथे एक, जिथे संदेशाचं वाक्य आहे तिथे दुसरी. मग प्रत्येक हशापुढे समासात लिहावं: कुणावर, कशामुळे. ‘कशामुळे’चं उत्तर ‘ती बाई आहे म्हणून’, ‘तो बुटका आहे म्हणून’, ‘ती खेडवळ बोलते म्हणून’ असं निघालं की ती जागा दुरुस्तीची. ‘त्याने फुशारकी मारली म्हणून’ असं निघालं तर तिथे हात लावायचं कारण नाही. हे काम तासाभराचं आहे आणि ते केल्यावर एक गोष्ट बहुधा ध्यानात येते: हशाच्या आणि संदेशाच्या खुणा एकमेकींपासून लांब पडलेल्या असतात. विनोद एकीकडे होतो, उपदेश दुसरीकडे. चांगल्या पुनर्लेखनात या दोन खुणा जवळ येतात आणि जमलं तर एकाच ओळीवर पडतात.

आता घरातला प्रसंग. मूळ संहितेत सुमन फोनवर गप्पा मारत सगळं एकाच बादलीत टाकते आणि तिचा नवरा वसंतराव प्रेक्षकांकडे वळून म्हणतो: ‘बायकांना साडीवर मॅचिंग ब्लाउज शंभरातून बरोबर उचलता येतो, पण ओल्या-सुक्यातला फरक काही कळत नाही!’ यंत्र उत्तम आहे. एका ठिकाणी कमालीची पारख असलेला माणूस दुसऱ्या ठिकाणी साध्या गोष्टीत अडतो. पण ही विसंगती सुमनची न राहता ‘बायकां’ची झाली, आणि सभागृहातली प्रत्येक बाई विनाकारण आरोपी झाली. आता हेच यंत्र पारखीची बढाई मारणाऱ्याच्या गळ्यात घालून बघावं.

वसंतराव आंबा हुंगतो. ‘हा देवगड नाही. रत्नागिरी तर नाहीच नाही. कर्नाटकचा आहे, देवगडच्या पेटीत बसवलेला.’

‘नुसत्या वासावरून कळलं तुम्हाला?’

‘नुसत्या वासावरून!’

सुमन बादली त्याच्या नाकाखाली धरते. ‘मग आता यातलं ओलं काय आणि सुकं काय, तेही सांगा.’

वसंतराव नाक दाबतो. ‘अगं, मला सर्दी झालीय.’

आंबा ओळखण्याची फुशारकी महाराष्ट्रात घरटी एक तरी असते, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागत नाही. शिवाय एकत्र केलेल्या कचऱ्याला वास मारतो, हे एकही उपदेशाचं वाक्य न बोलता दिसलं. हशा आणि संदेश एका ओळीवर आले.

इथे पुनर्लेखकाला एक मोह होतो. बायकोची टिंगल काढली, आता नवऱ्याची जोरात करू. वसंतरावाला भांडं धुता येत नाही, बाळाचा डायपर उलटा लावतो, चहाऐवजी काढा करतो, असे प्रसंग भराभर सुचतात. पण ‘घरकामात पुरुष ढेपाळतोच’ हाही साचाच आहे, आणि त्याच्या पोटात जुनाच अर्थ दडलेला असतो: त्याला जमत नाही, तेव्हा तिनेच करावं. ब्रिटनमध्ये जाहिरातींतल्या अपायकारक लिंगसाच्यांवर जून 2019 पासून बंदी आली. ऑगस्टमध्ये त्या नियमाखाली पहिल्यांदा ज्या दोन जाहिराती थांबवल्या गेल्या, त्यांतली एक चीजची होती. दोन नवे बाप खाण्याच्या नादात आपापली बाळं सरकत्या पट्ट्यावर विसरतात, असा तिचा विनोद होता. हा विनोद आहे, हा बचाव नियामक संस्थेने मानला नाही. भारतात जाहिरात मानक परिषदेने जून 2022 मध्ये अशाच स्वरूपाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. बाई स्वयंपाक करताना दाखवू नका, असं ती म्हणत नाहीत. ते काम तिचंच, असं सुचवू नका, एवढंच त्यांचं म्हणणं आहे. प्रहसनाला ही तत्त्वं बंधनकारक नाहीत, पण भेद कामाचा आहे.

दुसरा मोह याहून चोरपावलांनी येतो. सुमनवर अन्याय झाला होता, म्हणून नव्या संहितेत ती सर्वज्ञ होते. तिचं सगळं बरोबर, तिच्या तोंडी सगळी माहिती, आणि एकही हशा तिच्या वाट्याला नाही. जुन्या संहितेत ती मूर्ख होती, नव्यात ती फळा झाली. नटीला विचारलं तर ती बहुधा जुनीच भूमिका मागेल, आणि तिचं चुकणार नाही. विनोदी नाटकात हसवायला मिळणं हा मान आहे. तो काढून घेऊन आदर देता येत नाही. म्हणून सुमनलाही तिची स्वतःची खोड हवी, आणि ती बाईपणाची नसून तिची असावी. नव्या संहितेत तिला पुढारपणाची हौस आहे. ती जिन्यात उभी राहून साऱ्या मजल्यांना वर्गीकरणावर भाषण देते, शेजाऱ्यांच्या बादल्या तपासते आणि मग मोठ्या दिमाखाने आपला ओला कचरा पुढे करते: काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर दोन गाठी मारून. ‘वेगळा केलाय की!’ ‘केलात, पण आता पिशवी कोण सोडणार?’ बरेच लोक नेमकी हीच चूक करतात आणि आपण नियम पाळतो असं समजतात. जाणत्या माणसाकडून ती झाली की बघणाऱ्याला स्वतःची पिशवी आठवते.

वरचा प्रश्न विचारणारी व्यक्ती म्हणजे कचरा गोळा करणारी इंदू. तिच्याभोवतीचं पुनर्लेखन सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण मूळ संहितेत लिंगाचा साचा, जातीवर्गाचा तिरस्कार आणि बोलीची टवाळी हे तिन्ही तिच्यावर एकदम येतात. तिथे तिला नाव नाही. लोक ‘ए कचरेवाली’ म्हणून हाक मारतात, ती आली की नाकाला रुमाल लावतात आणि ती ‘आवो ताय, आमाला काय बी कळत न्हाय’ म्हणत प्रत्येक वस्तू चुकीच्या बादलीत टाकते. हसू येतं ते अज्ञानाचं. ‘कचरेवाली’ खोडून ‘सफाई कामगार भगिनी’ लिहिलं तर काही बदलत नाही. सन्मानाच्या नावाने हाक मारून तिला मूर्खच ठेवलं, एवढंच. शब्द बदलून संहिता सुधारते या समजुतीचा फोलपणा इथे चटकन दिसतो.

दुरुस्ती वस्तुस्थितीपासून सुरू करावी लागते. कचऱ्याबद्दल इमारतीत सगळ्यात जास्त कुणाला कळतं? रोज तो हाताळणाऱ्या बाईला. म्हणजे अज्ञानाचा विनोद मुळातच खोट्यावर उभा होता. खऱ्यावर उभा केला तर यंत्र उलटं फिरतं: ज्याला काही कळत नाही असं सगळे धरून चालतात, त्यालाच सगळं माहीत असतं. तमाशातला सोंगाड्या राजाच्या दरबारात याच बळावर उभा असतो.

इंदू बादली न उघडताच बोलते. ‘तिसऱ्या मजल्यावर काल पाहुणे होते. दुसऱ्या मजल्यावर कुणाचा तरी वाढदिवस होता, पण बोलावलं कुणालाच नव्हतं. आणि वसंतकाका, तुमची साखर कशी आहे आता?’

वसंतराव म्हणतो, ‘एकदम ताब्यात. गोड बंद म्हणजे बंद.’

‘बरं झालं. म्हणजे तो जिलबीचा पुडा शेजारच्यांचाच असणार.’

सुमन वसंतरावाकडे बघते. वसंतराव आढ्याकडे बघतो. मग इंदू शांतपणे म्हणते, ‘काका, तुम्ही कचरा वेगळा करून दिलात तर मी कशाला बघतेय? एकत्र दिलात की हाताने निवडावा लागतो. आणि निवडताना दिसतं.’

या शेवटच्या वाक्यावर सगळ्यात मोठा हशा यावा अशी रचना आहे, आणि तेच वाक्य प्रहसनाचा मुख्य संदेश सांगतं: वरच्यांनी एकत्र टाकलेलं खाली कुणाच्या तरी हातांनी वेगळं होतं. ‘सफाई कामगारांच्या आरोग्याचा विचार करा’ असं सूत्रधाराने म्हटलं असतं तर माना डोलल्या असत्या. इथे प्रत्येक जण मनातल्या मनात आपल्या बादलीत काय काय आहे ते आठवू लागतो.

तिच्या बोलीचं काय करायचं, हा प्रश्न उरतो. सगळ्या पात्रांना छापील प्रमाण मराठीत बोलायला लावणं हा उपाय कृत्रिम आहे, आणि बोली म्हणजे काहीतरी लपवण्याची गोष्ट असल्याचा संदेशही त्यातून जातो. साधी कसोटी अशी: तिची ओळ प्रमाण भाषेत म्हणून बघावी. हसू टिकलं तर बोली हा नुसता रंग होता, तो खुशाल ठेवावा. हसू गेलं तर प्रेक्षक बोलीलाच हसत होता. इंदूची वरची वाक्यं कोणत्याही बोलीत टिकतात, त्यामुळे ती भूमिका करणारीच्या जिभेवर सोपवता येतात.

सॅनिटरी कचऱ्याचा प्रसंग मूळ संहितेत ‘इश्श’ आणि ‘अय्या’ यांवर चालतो. एक पुडकं दिसतं, बायका लाजतात, पुरुष पळतात, हशा होतो आणि प्रसंग संपतो. पुडक्यात काय होतं आणि त्याचं काय करायचं, हे कुणी बोलतच नाही, कारण न बोलणं हाच विनोद आहे. इथे संकोच खोडून चालणार नाही. तो समाजात खरोखर आहे आणि खरी गोष्ट विनोदाला नेहमी पुरवते. फक्त हसू पाळी येणाऱ्या बाईवर न पडता संकोचावर पडायला हवं. म्हणून नव्या संहितेत सोसायटीचा सेक्रेटरी सूचना लावतो: ‘सर्व सभासदांनी ती वस्तू त्या प्रकारे कागदात गुंडाळून, वर ठिपका काढून, त्या ठिकाणी ठेवावी.’ दुसऱ्या दिवशी इंदूसमोर रांगेने पुडकी येतात, सगळ्यांवर ठसठशीत लाल ठिपके. एकात तुटकी चप्पल, एकात गेलेला बल्ब, एकात दोन वर्षांपूर्वीची दिवाळीची मिठाई. प्रत्येक जण कुजबुजत सांगतो, ‘सेक्रेटरींनी सांगितलीय ना, ती वस्तू.’ शेवटी सेक्रेटरीचाच शाळकरी मुलगा पाटी पुसून मोठ्याने वाचत नवी सूचना लिहितो: ‘सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळा. वर लाल ठिपका काढा.’ सेक्रेटरी घाम पुसत विचारतो, ‘एवढंच होतं होय?’ माहितीचं वाक्य इथे अगदी सरळ, पत्रकातल्यासारखं आहे. पण त्याआधी सगळी पुडकी उघडली गेलेली असल्यामुळे ते वाक्यच हशाची जागा घेतं. डायपरचा उल्लेख मुद्दाम आहे. तान्ह्या बाळांचे आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचे डायपर याच पुडक्यात जातात, आणि मग ही गोष्ट ‘बायकांची’ राहत नाही.

सगळेच विनोद असे वाचवता येत नाहीत. मूळ संहितेत एक वॉचमन आहे, त्याला कमी दिसतं. तो कचरा टाकायला जातो आणि कुंडीत टाकण्याऐवजी सेक्रेटरीच्या स्कूटरच्या डिकीत टाकतो. मग सगळे ‘आंधळ्या, दिसत नाही का?’ म्हणून ओरडतात. ‘आंधळा’च्या जागी ‘दृष्टिबाधित’ घातल्याने हा विनोद सभ्य होत नाही, कारण त्याच्या यंत्रात दिसत नसण्यावाचून दुसरं काही नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये ‘आंख मिचोली’ या हिंदी चित्रपटासंबंधीच्या निकालात दोन प्रकारचे विनोद वेगळे केले: अपंगत्वाला हिणवणारा, आणि अपंगत्वाबद्दलच्या कल्पनांना धक्का देणारा. वॉचमनचा विनोद उघडच पहिल्या प्रकारचा. तो काढावा. मात्र काढल्यावर तिथे पोकळी राहते, आणि ती तशीच ठेवणं ही पुनर्लेखनातली नेहमीची चूक आहे. प्रहसनात हशांचं एक अंतर ठरलेलं असतं. एक गेला की प्रेक्षक बराच वेळ कोरडा राहतो आणि चुळबुळ सुरू होते. म्हणून त्याच जागी दुसरं यंत्र बसवावं लागतं. इथे वॉचमनच दुसऱ्या प्रकाराकडे नेता येतो. कमिटीने हिरवी आणि निळी अशा दोन कुंड्या ठेवल्या आहेत. वॉचमनला रंग दिसत नाहीत. तो ‘भिंतीकडची ओली, फाटकाकडची सुकी’ असं हाताने ओळखतो आणि कधी चुकत नाही. उद्घाटनाच्या फोटोसाठी कमिटी कुंड्यांची अदलाबदल करते, रंग बघणारे अध्यक्षच भाषणाच्या भरात चुकीच्या कुंडीत नारळाची शेंडी टाकतात, आणि वॉचमन आवाजावरून सांगतो, ‘साहेब, हिकडं नव्हं.’ जमलं तर उत्तम. नाही जमलं तर वॉचमनला सोडून अध्यक्षांचं भाषणच थोडं लांबवावं, त्यात हशा मिळतोच.

सासूची भूमिका मिशी लपवलेल्या पुरुषाने करावी की नाही, यावर अनेक मंडळांत वाद होतो. सरसकट बंदी घालण्याआधी आपली परंपरा आठवावी. तमाशाच्या गौळणीतली मावशी पुरुषच करत आला आहे, आणि ती हसवते ती कृष्णाला आणि पेंद्याला दिलेल्या सवालजवाबाने. बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका केल्या तेव्हा तर कुणी हसलंच नाही. म्हणजे दोष वेशात नाही. पदर सरकवणं, छातीशी चाळे, जाड आवाजात लाडिक बोलणं किंवा तृतीयपंथीयांची टाळी वाजवणं यांवरच हशा उभा असेल, तर ती भूमिका साध्या शर्ट-पँटमध्ये वाचून घ्यावी. ओळींत काही उरत नसेल तर लेखकाने ओळी लिहिलेल्याच नव्हत्या, असं समजावं.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे संहितेतून प्रत्येक पूर्वग्रह पुसून टाकणं. ज्योती म्हापसेकर यांचं ‘मुलगी झाली हो’ 1983 मध्ये रंगमंचावर आलं. मुलगी नको असणाऱ्या समाजाबद्दलच्या नाटकात मुलगी नको म्हणणारी माणसं बोलणारच. त्यांची तोंडं बंद केली तर नाटक कशाला उत्तर देणार? पात्राचं मत आणि नाटकाचं मत यांत फरक आहे, आणि तो कागदावर ओळखता येतो: त्या वाक्यानंतर काय घडतं? काहीच घडत नसेल, वाक्य हशा घेऊन पुढे निघून जात असेल, तर ते नाटकाचंच मत झालं. त्याला कुणी अडवत असेल किंवा त्याचा परिणाम बोलणाऱ्याला भोगावा लागत असेल, तर ते पात्राचं. म्हणून वसंतरावाचं ‘कचरा म्हणजे बायकांचं खातं’ हे वाक्य नव्या संहितेतही ठेवलेलं आहे. फक्त सुमन त्यावर म्हणते, ‘हो का? मग खातं बंद करते. ही घ्या तुमची ठेव, व्याजासकट,’ आणि भरलेली बादली त्याच्या हातात देऊन निघून जाते. पुढचा सगळा वेळ वसंतराव ती बादली घेऊन फिरतो. संवाद संपला तरी विनोद त्याच्या हातात लटकत राहतो, हा या दुरुस्तीचा जादा नफा.

या ठिकाणी नवखा पुनर्लेखक बहुधा असं लिहितो: ‘नाही वसंत, समानतेच्या युगात आपण दोघांनीही कचऱ्याचं वर्गीकरण केलं पाहिजे.’ अशी वाक्यं ओळखणं सोपं आहे. ती मोठ्याने म्हटली की नट आपोआप ताठ उभा राहतो. कुठलीही बायको घरात असं बोलत नाही. भाषेचं आणखी एक पथ्य मराठीपुरतं सांभाळावं लागतं. मराठी क्रियापद लिंग उघड करतं, त्यामुळे ‘कचरा टाकणारा’, ‘स्वयंपाक करणारी’ अशा रूपांतून कामांची वाटणी नकळत होत जाते. सूचनांच्या वाक्यांत ‘घरातल्या सगळ्यांनी’, ‘ज्याचं ताट त्याने’ किंवा सरळ ‘टाका’, ‘गुंडाळा’, ‘द्या’ असं म्हटलं की प्रश्न मिटतो. संवादांत मात्र ही काळजी करू नये. तिथे माणसं माणसांसारखीच बोलू द्यावीत.

नवी संहिता तयार झाली की तिचं वाचन करावं, आणि ते फक्त मंडळातल्या मित्रांसमोर करू नये. मित्र लेखकाला हसतात. वाचनाला कचरा गोळा करणाऱ्या एखाद-दोन बायका असतील तर इंदूच्या तोंडची चूक लगेच कळते, आणि कधी कधी लेखकाला सुचला नसता असा विनोद तिथेच मिळतो. अर्थात त्यांना परीक्षक म्हणून बोलावल्याचं अवघडलेपण येऊ नये. ‘असं होतं का हो?’ एवढाच प्रश्न पुरेसा असतो. एकाने संहिता हातात घेऊन हशांच्या जागी खुणा कराव्यात आणि दुसऱ्याने संहितेकडे न बघता श्रोत्यांकडे बघावं. कुठे सगळे हसले आणि कुठे निम्मेच, कुठे एखादीने हसून लगेच शेजारणीकडे बघितलं, हे कागदावर दिसत नाही. वाचनानंतर श्रोत्यांना विनोद आवडले का, हे विचारून फार काही हाती लागत नाही. त्याऐवजी लाल ठिपका कशावर काढायचा, हे विचारावं. उत्तर आलं नाही तर पुडक्यांचा प्रसंग कितीही गाजला असला तरी पुन्हा लिहायला हवा.

शेवटचा धोका प्रयोगात असतो. पाचव्या-सहाव्या प्रयोगाला नट सरावतात, अ‍ॅडिशन घेऊ लागतात, आणि थंड प्रेक्षकांसमोर घाबरलेल्या नटाला सगळ्यात आधी आठवतो तो जुना, हमखास हशाचा साचाच. मॅचिंग ब्लाउज परत येतो. अ‍ॅडिशनवर बंदी घालून उपयोग होत नाही, कारण पथनाट्याचा जीवच त्यात असतो. काही मंडळी यासाठी संहितेच्या तालमीच्या प्रतीत काढलेला विनोद खोडून तसाच वाचता येईल असा ठेवतात आणि बाजूला दोन शब्दांत कारण लिहितात: ‘निम्म्यांना सुट्टी’, ‘दिसत नसण्यावर’, ‘बोलीवर’. नट बदलला, दिग्दर्शक बदलला, तरी नव्या माणसाला ती ओळ काढताना काय बघितलं गेलं हे कळतं, आणि अ‍ॅडिशन घ्यायचीच झाली तर ती वसंतरावाच्या सर्दीवर किंवा सेक्रेटरीच्या पुडक्यांवर घेता येते.